सोडा किती? दिल्लीतले चाळीस रुग्ण आणि रक्तातलं आम्ल

आजचा विषय तुमच्या स्वयंपाकघरातल्या फडताळात एका छोट्या डबीत बसलेला आहे. खाण्याचा सोडा. ढोकळ्यात घालतो, भजी हलकी व्हावीत म्हणून घालतो, आणि पोटात जळजळलं की पाण्यात टाकून पितो, तोच. रसायनशास्त्रात त्याला सोडियम बायकार्बोनेट म्हणतात. हाच पदार्थ गोळीच्या रूपात किडनीच्या रुग्णांना दिला जातो. मी दिल्लीच्या परिसरात बरीच वर्षं फिजिशियन म्हणून काम केलं, आणि या गोळीबद्दल लोक जे प्रश्न विचारत त्यांत एक प्रश्न कायम असे: "डॉक्टरसाहेब, मीठ बंद करायला सांगता आणि सोडा खायला देता, हे कसं काय?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायला वैद्यकाला जवळजवळ शंभर वर्षं लागली, आणि ते अजूनही पूर्ण झालेलं नाही. त्या इतिहासातला एक तुकडा आपल्या दिल्लीत घडला. आज तोच सांगायचा आहे.

आधी आम्ल येतं कुठून ते बघू. आपण डाळ, दूध, अंडी, मटण, गहू खातो. त्यांतल्या प्रथिनांमध्ये गंधक असतं आणि ते जळलं की शरीरात थोडं सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. साधारण हिशेब असा की वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज एक मिलिमोल आम्ल. म्हणजे ५० किलोच्या माणसात रोज ५० मिलिमोल. हे आम्ल रक्तातला बायकार्बोनेट खातं. निरोगी किडनी दोन कामं करते: गाळून आलेला बायकार्बोनेट परत रक्तात घेते, आणि खर्च झाला तेवढा नवीन बनवते. नवीन बनवताना ती अमोनियम लघवीतून बाहेर टाकते, म्हणजे आम्ल अमोनियमच्या पाठीवर बसून बाहेर जातं. किडनीतल्या गाळण्या कमी झाल्या की एकूण अमोनियम कमी पडतो. रोजच्या ५० पैकी समजा ३५ बाहेर गेलं, तर १५ आत राहतं. आज १५, उद्या १५. रक्तातला बायकार्बोनेट २४ वरून हळूहळू २०, १८ असा उतरतो. यालाच मेटाबॉलिक ॲसिडोसिस म्हणतात. उतरता उतरता तो एका पातळीवर थांबतो, कारण उरलेलं आम्ल हाडं शोषून घेतात. हाडांमधले क्षार ते आम्ल मारतात आणि त्या बदल्यात हाडातलं कॅल्शियम निघून जातं. रिपोर्टवरचा आकडा स्थिर दिसतो, बिल मात्र हाडांच्या नावावर फाटत असतं.

आता इतिहास. १८३१-३२ साली इंग्लंडमध्ये पटकी आली. विल्यम ब्रुक ओशॉनेसी नावाच्या तरुण आयरिश डॉक्टरने पटकीच्या रुग्णांचं रक्त तपासलं. त्यातलं पाणी गेलेलं होतं आणि अल्कली, म्हणजे आपण ज्याला सोडा म्हणतो तो अंशही कमी झालेला होता. पुढे हाच माणूस कलकत्त्याला आला, मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, आणि नंतर हिंदुस्थानात तारायंत्राचं जाळं उभारलं. एकाच आयुष्यात रक्तातला सोडा आणि टेलिग्राफ! असो, तो वेगळा भाग होईल.

पटकीनंतर खरी उडी घेतली ती अँड्र्यू सेलार्ड्स याने. १९१० च्या सुमारास तो मनिलात पटकीच्या रुग्णांवर काम करत होता. त्याने एक साधी, हुशार चाचणी शोधली. निरोगी माणसाला सुमारे पाच ग्रॅम सोडा दिला की त्याची लघवी अल्कधर्मी होते, लिटमस निळा पडतो. शरीराला जास्तीचा सोडा नको असतो, ते तो टाकून देतं. पटकीच्या आणि किडनीच्या रुग्णांना मात्र कितीतरी पट सोडा दिला तरी लघवी आम्लच राहायची. म्हणजे दिलेला सोडा आत कुठेतरी जिरत होता. रक्त तपासायची आजची यंत्रं नव्हती, तरी या माणसाने शरीर किती आम्लाखाली दबलंय ते लिटमसच्या कागदावर मोजलं. मला वैद्यकाच्या इतिहासातली ही फार आवडती गोष्ट आहे, कारण 'किती?' हा प्रश्न इथे पहिल्यांदा नीट विचारला गेला.

१९३१ साली एडिंबराच्या लायन, डनलॉप आणि स्टुअर्ट यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की जुनाट नेफ्रायटिसच्या रुग्णांना अल्कली दिली तर किडनीचं काम सुधारलेलं दिसतं. त्यानंतर ही कल्पना बरीच वर्षं बाजूला पडली. मग १९६० च्या दशकात अमेरिकेत लेमन, लेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांना वॉर्डात ठेवून खाल्लेल्या आणि बाहेर पडलेल्या एकेका मिलिमोलचा हिशेब केला. किडनीचे रुग्ण रोज थोडं आम्ल आत ठेवतात, आणि सोडा दिला की हाडातून जाणारं कॅल्शियम थांबतं, हे त्यांनी दाखवलं. मघाशी मी हाडांच्या बिलाबद्दल म्हणालो ते याच मोजणीवरून.

१९८० आणि ९० च्या दशकात विल्यम मिच यांच्या गटाने स्नायूंकडे लक्ष वळवलं. आम्ल वाढलं की स्नायूंच्या पेशींतली प्रथिनं तोडणारी यंत्रणा जोरात चालू होते. स्नायू तुटतो, त्यातला नायट्रोजन युरिया बनतो. किडनीच्या रुग्णाला आपण प्रथिनं कमी खायला सांगतो, आणि आम्ल मात्र त्याचं स्वतःचं मांस तोडून युरिया वाढवत असतं. याच काळात नाथ आणि होस्टेटर यांनी उंदरांमध्ये दाखवलं की उरलेल्या प्रत्येक गाळणीला जास्त अमोनिया बनवावा लागतो, आणि तो जास्तीचा अमोनिया आसपास दाह पेटवून किडनीचंच नुकसान करतो.

आता आपण दिल्लीत येऊ. अन्सारी नगरच्या एम्समध्ये, म्हणजे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, डॉ. आर. पी. माथुर, डॉ. एस. सी. दाश आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. तो २००६ साली 'रीनल फेल्युअर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. डायलिसिसच्या रुग्णांमधल्या ॲसिडोसिसवर तोपर्यंत बरंच लिहून झालं होतं. ज्यांची किडनी अजून काम करतेय, पण कमी करतेय, अशांना सोडा दिला तर काय होतं, यावर चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले प्रयोग फार थोडे होते. दिल्लीच्या डॉक्टरांनी असे चाळीस रुग्ण घेतले. काहींना तोंडावाटे सोडियम बायकार्बोनेट, काहींना तसंच दिसणारं निष्क्रिय औषध. आपल्याला कोणतं मिळतंय हे रुग्णांना माहीत नव्हतं. मुदत तीन महिने.

त्यांनी दोन गोष्टींकडे पाहिलं: रक्तातला युरिया आणि हाडांचा चयापचय. म्हणजे स्नायू आणि हाडं, वर सांगितलेली दोन बिलं. सोडा घेणाऱ्यांमध्ये युरिया चढायचा तेवढा चढला नाही. पॅराथॉर्मोन, म्हणजे गळ्यातल्या छोट्या ग्रंथींचं जे संप्रेरक हाडातून कॅल्शियम काढतं, त्याची वाढही सोडा न घेणाऱ्यांपेक्षा कमी राहिली. मला यात आवडतं ते हे की प्रश्न लहान होता आणि तो मोजता येईल असा ठेवला होता. चाळीस माणसांत, तीन महिन्यांत, 'डायलिसिस टळतं का' हे विचारण्यात अर्थ नव्हता. त्यांनी ते विचारलं नाही. बारीक शंका एक राहतेच. युरिया जेवणावरही हलतो. तीन महिन्यांत कुणी डाळ कमी खाल्ली, कुणाला मळमळ झाली, तरी युरिया उतरतो. म्हणून युरिया उतरला म्हणजे स्नायू वाचले असं थेट म्हणता येत नाही.

आता त्यांच्या मात्रेकडे बघा. वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १.२ मिलिमोल बायकार्बोनेट. ५० किलोच्या माणसाला ६० मिलिमोल. एक मिलिमोल सोडियम बायकार्बोनेट म्हणजे ८४ मिलिग्रॅम, म्हणजे ६० मिलिमोल म्हणजे पाच ग्रॅम. आपल्याकडे मिळणारी ५०० मिलिग्रॅमची गोळी घेतली तर रोज दहा गोळ्या! एका गोळीत सुमारे सहा मिलिमोल, एवढं लक्षात ठेवा, म्हणजे पुढचा हिशेब सोपा जाईल. शरीरात रोज तयार होणारं आम्ल ५० मिलिमोल आणि दिलेली अल्कली ६०. म्हणजे दिवसाचं सगळंच आम्ल भरून काढून वर थोडं. मजबूत मात्रा आहे ही.

तीन वर्षांनी, २००९ मध्ये, लंडनच्या रॉयल लंडन हॉस्पिटलमधून डि ब्रिटो-ॲशर्स्ट आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला आणि जगभरच्या किडनीतज्ज्ञांचं लक्ष या गोळीकडे वळलं. १३४ रुग्ण, सगळ्यांचा बायकार्बोनेट १६ ते २० च्या दरम्यान, किडनीचं काम बरंच घटलेलं. निम्म्यांना सोडा, निम्म्यांना नेहमीचे उपचार, मुदत दोन वर्षं. लक्ष्य २३ किंवा जास्त. दोन वर्षांत डायलिसिसपर्यंत पोचले ते सोडा घेणाऱ्यांत ६.५ टक्के, न घेणाऱ्यांत ३३ टक्के. आकडा वाचूनच माणूस खुर्चीत सरसावतो. त्यांची सरासरी मात्रा होती १.८ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे साधारण २२ मिलिमोल. दिल्लीच्या मात्रेच्या जवळजवळ एक तृतीयांश. हे कसं पुरलं? आपण वर पाहिलं की आम्ल पूर्ण ५० अडकत नाही, दहा-वीसच्या आसपास अडकतं. रोजची ती तूट भरली की पातळी वर सरकते. म्हणून आज गोळ्या सुरू करताना तूट भरण्यापुरतीच मात्रा देतात, दिवसभराच्या सगळ्या आम्लाइतकी नव्हे.

पण या अभ्यासात एक मोठी फट होती. निष्क्रिय गोळी नव्हती. कोण सोडा घेतोय हे रुग्णाला आणि डॉक्टरला, दोघांनाही माहीत होतं, आणि डायलिसिस कधी सुरू करायचं हा निर्णय माणसंच घेतात. इटलीत मग सातशेहून अधिक रुग्णांवर मोठा अभ्यास झाला, २०१९ साली छापून आला, लक्ष्य २४ ते २८, निकाल पुन्हा सोड्याच्या बाजूचा. तोही उघडाच, निष्क्रिय गोळीशिवाय. आपल्या पुदुच्चेरीच्या जिपमेरमध्ये १८८ रुग्णांवर सहा महिने अभ्यास झाला, तो २०२० मध्ये आला. लक्ष्य २४ ते २६. दंडाच्या घेरावरून काढलेला स्नायूंचा अंदाज सुधारला, किडनीचं कामही बरं राहिलं. हाही उघडा अभ्यास.

त्याच २०२० मध्ये ब्रिटनमधून बायकार्ब नावाचा अभ्यास आला. ६० वर्षांवरचे ३०० लोक, बायकार्बोनेट २२ च्या खाली, एक वर्ष, आणि या वेळी खरोखरची निष्क्रिय गोळी. खुर्चीतून उठणं, चालणं, तोल सांभाळणं अशा कामांची परीक्षा घेतली. फरक पडला नाही. उलट सोडा घेणाऱ्यांत त्रासाच्या नोंदी जास्त निघाल्या. यावर सोड्याचे समर्थक म्हणतात की दोन गटांच्या रक्तातल्या बायकार्बोनेटमध्ये फारसा फरकच पडला नव्हता, मग परिणाम दिसणार कसा? मुद्दा बरोबर आहे. पण दवाखान्यातही आपण साधारण तेवढीच मात्रा देतो, हेही खरं. त्यानंतर सोडियम नसलेलं एक नवं औषध आलं, व्हेव्हेरिमर. ते आतड्यातच आम्ल पकडतं. सुमारे दीड हजार रुग्णांवर निष्क्रिय औषधाशी तुलना करून पाहिलं. किडनीची घसरण मंदावली नाही. तिथेही दोन गटांत बायकार्बोनेटचा फरक थोडाच होता.

मला विचाराल तर किडनी वाचवण्याचं वचन या गोळीच्या नावावर देऊ नये. हाडं आणि स्नायूंचा युक्तिवाद, जो एम्सच्या डॉक्टरांनी धरला होता, तो जास्त टिकाऊ आहे. पण तोही ज्यांचा बायकार्बोनेट खरोखर खाली आहे, त्यांच्यासाठी.

खाली म्हणजे किती? जागतिक मार्गदर्शक संस्था केडिगो हिने २०१२ मध्ये म्हटलं, २२ च्या खाली गेला तर गोळ्यांनी तो सामान्य मर्यादेत आणावा. २०२४ च्या आवृत्तीत सूर मवाळ झाला. ज्या ॲसिडोसिसचे परिणाम होण्याची शक्यता आहे तो होऊ नये म्हणून उपचारांचा विचार करा, उदाहरणार्थ १८ च्या खाली. आणि उपचार करताना बायकार्बोनेट सामान्य मर्यादेच्या वर जाऊ देऊ नका, रक्तदाब, पोटॅशियम आणि अंगातलं पाणी बिघडू देऊ नका. बारा वर्षांत आकडा २२ वरून १८ वर आला. रुग्ण तेच, गोळी तीच, फक्त पुरावा नीट तपासला गेला. १८ आणि २२ च्या मधल्या माणसांचं काय, हा निर्णय आज डॉक्टर माणूस पाहून घेतात: हाडं कशी आहेत, स्नायू झिजतायत का, पोटॅशियम किती, हृदय कसं आहे. वरच्या टोकाला मात्र एकमत आहे. सोडा देऊन २६-२८ च्या वर नेण्यात काही हशील नाही. जास्त बायकार्बोनेट असलेल्या रुग्णांमध्ये हृदय कमजोर पडण्याचं प्रमाण जास्त आढळलं आहे. अर्थात त्यातले काही आधीपासूनच लघवीच्या गोळ्या घेणारे हृदयरुग्ण असतात, आणि त्या गोळ्यांनीच बायकार्बोनेट चढतो, हेही ध्यानात ठेवायला हवं.

आता तो मिठाचा प्रश्न. ५०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत १३७ मिलिग्रॅम सोडियम असतं. चार गोळ्या म्हणजे सुमारे ५५० मिलिग्रॅम, जवळजवळ १.४ ग्रॅम मिठातल्या सोडियमइतकं. दिल्लीच्या प्रयोगाच्या मात्रेने, दहा गोळ्यांनी, साडेतीन ग्रॅम मिठाइतकं सोडियम आत जातं. दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणून सांगितलेल्या माणसाला हे! मग लोक सुजत कसे नाहीत?

१९७५ साली हस्टेड, नॉल्फ आणि माहेर यांनी हेच तपासलं. किडनी बरीच बिघडलेल्या थोड्या रुग्णांना मिठाचं पथ्य देऊन, एकदा मिठाच्या रूपात आणि एकदा सोड्याच्या रूपात, तेवढंच सोडियम काही दिवस दिलं. मिठाने वजन आणि रक्तदाब चढला. सोड्याने तसं झालं नाही, सोडियम लघवीतून बरंच निघून गेलं. पाणी धरून ठेवायला आणि दाब चढवायला सोडियमबरोबर क्लोराइड लागतं, असा त्याचा अर्थ लावतात. म्हणजे सोड्यातलं सोडियम मिठातल्या सोडियमइतकं वाईट नाही. लंडनच्या अभ्यासातही सूज आणि रक्तदाब दोन्ही गटांत सारखेच राहिले.

पण इथे थांबून नीट बघा. हस्टेडचे रुग्ण मिठाच्या कडक पथ्यावर होते. लंडनच्या अभ्यासात ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नव्हता किंवा हृदय उघडपणे कमजोर होतं, त्यांना घेतलंच नव्हतं. आपल्याकडे माणूस चार गोळ्या घेतो आणि जेवणात लोणचं, पापड, वर चाट मसाला, संध्याकाळी छोले-भटुरे. क्लोराइडची कमतरता नाहीच. अशा माणसाला सोड्यातलं सोडियमही पाणी धरून ठेवायला मदत करतं. म्हणून गोळी सुरू करताना मीठ कमी करणं हा उपचाराचाच भाग आहे. हा माझा मघाच्या प्रश्नाला दिलेला जवाब. मीठ सोडा, कारण सोडा घ्यायचाय.

एक उदाहरण घेऊन सगळं बसवू. समजा एक काका आहेत, फरीदाबादला राहतात, वजन ५० किलो, किडनीचं काम पंचवीस टक्क्यांच्या आसपास. बायकार्बोनेट आला १७. पहिलं काम गोळी नाही. पहिलं काम म्हणजे आकडा खरा आहे का ते बघणं. किडनीच्या नेहमीच्या तपासणीत युरिया, क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम असतं, बायकार्बोनेट बऱ्याचदा नसतोच, तो वेगळा लिहून द्यावा लागतो. रक्ताची नळी उघडी राहिली किंवा अर्धी भरली तर त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि आकडा खोटाच कमी येतो. शिवाय जो माणूस सतत जोरात श्वास घेतो त्याचाही बायकार्बोनेट उतरतो. तिथे रक्त आम्ल झालेलं नसतं, उलट अल्कधर्मी असतं, आणि सोडा देणं चूक ठरतं. उलट टोकाचं उदाहरण म्हणजे दम्याचा, सीओपीडीचा जुना रुग्ण. त्याचा बायकार्बोनेट फुप्फुसामुळे वर गेलेला असतो आणि किडनीचं आम्ल त्याखाली झाकलं जातं. दिल्लीच्या हिवाळ्यात असे रुग्ण काही कमी नसतात. शंका आली की शिरेतल्या रक्ताची पीएच तपासली की उलगडा होतो.

आकडा खरा निघाला. आता कॅल्शियम बघायचं. हा मुद्दा फार जणांना माहीत नसतो. आम्ल असताना रक्तातलं मोकळं कॅल्शियम जरा जास्त असतं. सोड्याने आम्ल उतरलं की ते कमी होतं. काकांचं कॅल्शियम आधीच कमी असेल तर ओठांभोवती मुंग्या, हाताची बोटं आखडणं असा त्रास सुरू होऊ शकतो. म्हणून आधी कॅल्शियम सावरायचं, मग सोडा.

१७ वरून २२ वर न्यायचं तर पुस्तकी हिशेब असा: वजनाच्या निम्मं म्हणजे २५, गुणिले पाचाचा फरक, म्हणजे १२५ मिलिमोल, म्हणजे सुमारे एकवीस गोळ्या. ही एकदाच भरायची जुनी थकबाकी झाली, आणि ती घाईने भरायची नसते. रोजची तूट वेगळी. म्हणून डॉक्टर रोज तीन गोळ्यांपासून सुरुवात करतात, अठरा मिलिमोल. चारेक आठवड्यांनी पुन्हा रक्त. १९ आला, तर पाच गोळ्या. पुढच्या वेळी २२ आला, तर तिथेच थांबा. या काळात काकांनी रोज सकाळी लघवीनंतर, चहाच्या आधी, वजन करून वहीत लिहायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, मोज्याचा वण घोट्यावर उमटायला लागला, रात्री आडवं झाल्यावर धाप लागली, तर ते पाणी आहे. पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना दाखवायचं. सोड्याबरोबर पोटॅशियमही थोडं उतरतं. चढलेलं असेल तर ते बरंच, पण लघवीच्या गोळ्या चालू असतील तर ते फार खाली जात नाही ना, हेही बघावं लागतं.

आणि ढेकर! अनेक जण गोळी सोडतात ती यामुळे. पोटातल्या आम्लाशी भेट झाली की एका गोळीतून शंभर मिलिलिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. दोन गोळ्या एकदम घेतल्या की पोट फुगणारच. दिवसात विभागून घेतल्या तर सुसह्य होतं. गोळीऐवजी घरचा सोडा चालेल का, हा पुढचा प्रश्न असतो. पदार्थ तोच, पण एका सपाट चहाच्या चमच्यात साडेचार-पाच ग्रॅम सोडा असतो, म्हणजे नऊ-दहा गोळ्या, आणि चमचा कधी सपाट असतो, कधी शिगोशीग. मोजमाप तिथेच संपलं. बेकिंग पावडरमध्ये आम्ल मिसळलेलंच असतं, तिचा उपयोग नाही. पापडखार आणि धुण्याचा सोडा यांना तर हातही लावू नका. त्यांच्यात जास्त तिखट अल्कली असते, ती अन्ननलिका भाजते. पचनासाठी घेतो त्या फसफसणाऱ्या फ्रूट सॉल्टच्या पुड्यांतही सोडियम भरपूर असतं. डॉक्टरांना सांगायच्या औषधांच्या यादीत त्यांचं नाव हवं, आणि नेमकं तेच कुणी सांगत नाही.

फळं-भाज्यांनी हे काम होतं का, हे टेक्सासच्या गोराया आणि वेसन यांनी तपासलं. २०१३ साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात, वर्षभरात, भरपूर फळं-भाज्या खाणाऱ्यांचा बायकार्बोनेटही सुधारला, पण सोडा घेणाऱ्यांपेक्षा कमी, आणि रक्तदाबही उतरला. फळं-भाज्यांतले क्षार शरीरात बायकार्बोनेटच बनतात. अडचण पोटॅशियमची. त्यांनी पोटॅशियम चढण्याचा धोका असलेल्या लोकांना वगळूनच हा अभ्यास केला होता. आपले काका रक्तदाबाच्या अशा गोळीवर असतील जिने पोटॅशियम चढतं, तर नारळपाणी आणि केळी हा त्यांच्यासाठी सोड्यापेक्षा धोक्याचा मार्ग ठरेल. सफरचंद, दुधी, पडवळ अशा जिनसा प्रमाणात, आणि दर वेळी रक्तातलं पोटॅशियम बघून, एवढं मात्र डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ मिळून बसवू शकतात. तसं बसलं तर पाच गोळ्यांच्या तीन होतात, आणि काकांच्या अंगावरचं सोडियम रोज पावणेतीनशे मिलिग्रॅमने उतरतं.